काढ्याला पाऊण पान, लसीला एक ओळ पण नाही

मा. संपादक,
स.न.

कालच्या पुरवणीतला 'पावसाळा आणि गरोदरपण' हा लेख वाचला आणि रात्री झोप लागेना म्हणून आज सकाळी लिहायला बसले. लेखिकाबाईंनी हळदीचं दूध सांगितलं, गवती चहा सांगितला, वाफारा सांगितला, भिजू नका सांगितलं, सगळं छान आहे, कोण नाही म्हणतंय. पण पाऊण पान लिहून फ्लूच्या लसीबद्दल एक अक्षर नाही? आणि त्याच पानावर खाली प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या काढ्याची जाहिरात. योगायोग असेल, मी आपलं नुसतं म्हणतेय.

मी सरकारी दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर म्हणून नोकरी करून रिटायर झाले. 2009 चा स्वाइन फ्लू पुण्यात आला तेव्हा ड्युटीवर होते त्यामुळे 'साधा ताप' हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. पण ते राहू दे, गेल्या जुलैमधली घरातलीच गोष्ट सांगते.

माझी भाची, पहिलटकरीण, तिसावा आठवडा. नवऱ्याला ऑफिसातून सर्दी-ताप झाला, तो दोन दिवसांत उठून कामाला पण लागला. मग हिला आला. एकदम थंडी वाजून ताप, अंग ठणकतंय, कोरडा खोकला. सासूबाईंनी काढा दिला, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पॅरासिटामॉल आणि एक अँटिबायोटिक दिलं, म्हणे व्हायरल आहे तीन दिवस बघू. आता अँटिबायोटिक फ्लूच्या व्हायरसला काय करणार? काहीच नाही. तिसऱ्या दिवशी मी फोन केला तर पोरीला एक वाक्य सलग बोलता येईना, मधेच थांबून श्वास घेतेय. घरचे म्हणतात, अहो मावशी सातवा महिना संपला, आता दम लागणारच की!

इथेच सगळे फसतात बघा. गरोदरपणात दम लागतो हे खरंच आहे, पण तो हळूहळू आठवड्या-आठवड्यानं वाढतो, जिना चढताना लागतो, बसलं की खाली बसतो. तापाबरोबर एक-दोन दिवसांत वाढलेला, बसल्या जागी लागणारा, बोलताना तोडणारा दम हा बाळाचा नसतो, फुफ्फुसाचा असतो. पोट वाढलं की खालून पडदा वर ढकलला जातो, फुफ्फुसात शिल्लक राहणारी हवा कमी होते आणि शरीराला ऑक्सिजन तर नेहमीपेक्षा जास्त लागतो, त्यात हृदयावर आधीच लोड. म्हणजे हाताशी शिलकीत काही नसतं. नवऱ्याला जो फ्लू दोन दिवसांत सोडून गेला तोच हिला न्यूमोनियात घेऊन जातो तो असा.

शेजाऱ्यांकडून बोटाला लावायचं मशीन आणायला लावलं, आकडा 92. घरचे म्हणाले नव्वदच्या वर आहे ना. अहो, गरोदर बाईला 95 च्या खाली गेला तर दवाखाना गाठायचा, कारण तिच्या ऑक्सिजनवर बाळ पण असतं. नेली. तिथल्या मॅडम शहाण्या, स्वॅब घेतला पण रिपोर्टची वाट न बघता ऑसेल्टामिवीर सुरू केलं, तेच ते टॅमीफ्लू, 75 मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ पाच दिवस. हे औषध पहिल्या 48 तासांत पडलं तर सगळ्यात चांगलं काम करतं, आणि हिचे ते तास काढ्यात आणि अँटिबायोटिकमध्ये गेले होते. उशिरा दिलं तरी फायदा होतो म्हणून देतातच. स्वाइन फ्लूच्या वेळी सरकारनं रुग्णांचे जे गट पाडले होते त्यात गरोदर बाईला ताप-खोकला आला तर टेस्ट न करताच हे औषध सुरू करा असं स्पष्ट होतं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांपर्यंत ते अजून पोचायचंय बहुतेक.

पुढं एच1एन1 पॉझिटिव्ह आला, एक्स-रेत पॅच, ऑक्सिजन लावला, त्यात कळा सुरू झाल्या. बाळाची फुफ्फुसं तयार व्हावीत म्हणून तिला स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली, कळा थोड्या दिवसांसाठी थांबल्या आणि तेहतिसाव्या आठवड्यात बाळंत झाली. बाळ काचेच्या पेटीत. आता दोघं ठीक आहेत, पोरगं घरभर रांगतंय, पण त्या दवाखान्याचं बिल तिचे सासरे अजून फेडतायत.

आणि लस? मी तिला पाचव्या महिन्यातच विचारलं होतं. म्हणाली मावशी दोन्ही इंजेक्शनं झाली की, कार्डावर लिहिलंय. ती टीडीची, धनुर्वात आणि घटसर्पाची! फ्लूची वेगळी असते आणि ती नेहमीच्या सरकारी वेळापत्रकात नसल्यामुळे मागितल्याशिवाय कोणी देत नाही. मागायला गेली तर मेडिकलवाला म्हणाला प्रेग्नन्सीत नका घेऊ, बाळाला त्रास होईल. मेडिकलवाला!

म्हणून तुमच्या वाचकांसाठी लिहिते, छापलंत तर. दंडात द्यायची फ्लूची लस मेलेल्या व्हायरसची असते, त्यानं फ्लू होऊ शकत नाही, दंड एक-दोन दिवस दुखतो, क्वचित कणकण येते. कुठल्याही महिन्यात चालते. नाकात मारायची जी येते ती जिवंत व्हायरसची, तेवढी गरोदरपणी घ्यायची नाही. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, म्हणून मे-जूनमध्ये घेतलेली बरी, पण राहिली तर ऑगस्टमध्ये घ्या, काही बिघडत नाही. व्हायरस बदलत राहतो म्हणून मागच्या वर्षीची यंदा चालत नाही. शंभर टक्के थांबवते का, तर नाही, लस घेऊनही फ्लू झालेल्या बायका मी बघितल्यात. पण दवाखान्यात भरती व्हायची वेळ बरीच कमी येते. आणि मुख्य म्हणजे सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देताच येत नाही, त्याला जे काही मिळतं ते आईच्या रक्तातून नाळेतून. बांगलादेशात आयांना लस देऊन बघितली होती, 2008 मध्ये छापून आलंय, त्या बाळांमध्ये टेस्टनं सिद्ध झालेला फ्लू 63 टक्क्यांनी कमी होता. हे काढ्यानं होतं का, लेखिकाबाईंना विचारून सांगा.

आपल्या राज्यानं 2015 मध्ये गरोदर बायकांना ही लस सरकारी दवाखान्यात फुकट द्यायला सुरुवात केली होती. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका मुलीला घेऊन मी जवळच्या सरकारी दवाखान्यात गेले तर उत्तर मिळालं, साठा आला नाही, पुढच्या आठवड्यात बघा. खाजगीत दीड-दोन हजार लागतात, तिचा नवरा रिक्षा चालवतो. तुमच्या वार्ताहराला एकदा पाठवा ना तिकडे, साठा कधी येणार ते विचारायला. हळदीचे गुण काय, पुढच्या पावसाळ्यात परत छापता येतील.

ता.क. परवाच्या शब्दकोड्यात उभे शब्द 14 ची सूचनाच छापलेली नव्हती, त्याबद्दलही दिलगिरी दिसली नाही.

आपली,
एक रिटायर्ड सिस्टर, सातारा