फोटोतली क्षितिजरेषा आणि चिकटवलेला टेम्पो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बनावट फोटो ओळखण्यावरील आपल्या लेखात सावल्या आणि पुसट कडा यांची माहिती होती. पट्टी-पेन्सिलीने घरी करता येणारी एक तपासणी मात्र राहून गेली, म्हणून हे पत्र.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो फिरला. फाटकासमोर भाजीवाल्याचा टेम्पो तिरका उभा होता आणि त्याला दंड करा, अशी मागणी होती. ‘त्या दिवशी मी आलोच नाही,’ असे तो काकुळतीने सांगत होता. मी फोटो ए-फोर कागदावर छापून मोठ्या ड्रॉइंग शीटवर चिकटवला, कारण रेषा कागदाबाहेर लांब न्याव्या लागतात.

प्रत्यक्षात समांतर असलेल्या कडा फोटोत दूर जाताना एका बिंदूकडे धावतात. तो लोपबिंदू. कंपाउंडच्या भिंतीची वरची आणि खालची कड वाढवली, त्या डावीकडे मिळाल्या. इमारतीच्या दुसऱ्या बाजूच्या खिडक्यांच्या ओळी उजवीकडे मिळाल्या. हे दोन बिंदू जोडले की क्षितिजरेषा मिळते. टेम्पोचा लोपबिंदू भिंतीच्या बिंदूवर नाही, एवढ्यावरून फोटो खोटा ठरत नाही. वाहन तिरके असेल तर त्याचा बिंदू वेगळाच येणार. पण रस्ता सपाट असेल, तर तो याच क्षितिजरेषेवर यायला हवा.

मी हौद्याची वरची कड, खालची कड आणि दोन्ही चाकांच्या तळाला टेकणारी रेषा वाढवली. तिन्ही जवळजवळ एकाच ठिकाणी मिळाल्या, पण क्षितिजरेषेच्या ४ सेंटिमीटर वर! तीनदा नव्याने आखूनही तो बिंदू अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त हलला नाही.

सपाट जागी क्षितिजरेषा कॅमेऱ्याच्या उंचीवरून जाते. आमच्या फोटोत ती उभ्या वॉचमनच्या डोळ्यांतून जात होती, म्हणजे फोटो माणसाच्या उंचीवरून काढलेला. टेम्पोची स्वतःची क्षितिजरेषा मात्र केबिनच्या टपाच्याही वर होती. मग लक्षात आले, टप चक्क वरून दिसत होते. टेम्पोचा फोटो बहुधा कुठल्या तरी गॅलरीतून घेतलेला असावा. दंडाची मागणी त्यानंतर मागे घेतली गेली.

ही तपासणी चुकूही शकते. रस्ता चढाचा असेल, तर खऱ्या वाहनाचाही बिंदू क्षितिजरेषेवर येत नाही. आमच्या फाटकापुढे पावसाचे पाणी साचून राहते, त्यामुळे तिथे उतार नाही याची मला खात्री होती. मोबाइलच्या वाइड लेन्सने कडेच्या रेषा वाकतात. भिंतीची कड पट्टीला नीट टेकत नसेल, तर पुढे जाऊच नये. कडा आखूड असल्या तर पेन्सिलीची किंचित चूकही बिंदूला फार दूर नेते. शिवाय रेषा जुळल्या म्हणून फोटो खरा ठरत नाही. तो टेम्पो माणसाच्या उंचीवरून टिपून क्षितिजरेषेवर नीट बसवला असता, तर माझ्या पट्टीला काहीच सापडले नसते.

आपला नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सातारा