ताई, त्या पोहण्याच्या नोटिशीबद्दल थँक्यू

ताई, व्हॉट्सॲपवर नुसतं थँक्यू टाकून मन भरलं नाही म्हणून इथे नीट लिहितेय.

स्टुटगार्टला येऊन आम्हाला जेमतेम सहा आठवडे झालेले, लेक तिसरीत, आणि दप्तरातून ती जर्मन नोटीस निघाली. मला फक्त "१२" हा आकडा दोनदा दिसला आणि वाटलं १२ मार्चला काहीतरी आहे. घाईत फोटो काढला, तोही तिरका, खालची पट्टी दुमडलेली, आणि तुम्हाला पाठवला.

तुम्ही अर्थ सांगायच्या आधी म्हणालात, कागद टेबलावर सपाट ठेव, चारही कोपरे येऊ देत, मागची बाजू पण पाठव. तेव्हा मला जरा कटकट वाटली, खरं सांगते. पण कापून परत द्यायचा भाग त्या दुमडलेल्या पट्टीतच होता, आणि मागच्या बाजूला पोहण्याचे प्रश्न!

मग तुम्ही एकेक ओळ मराठीत टाईप करून पाठवलीत. बुधवार १२ मार्च ही पट्टी सही करून परत द्यायची शेवटची तारीख. आणि दुसरा १२ म्हणजे "केडब्ल्यू १२", वर्षाचा बारावा आठवडा, इथे शाळा-ऑफिसात आठवडे असे नंबरने मोजतात, म्हणजे पोहणं सोमवार १७ मार्चच्या आठवड्यापासून. मी तर १२ तारखेलाच तिला टॉवेल देऊन पाठवलं असतं आणि पट्टी घरीच राहिली असती.

सगळ्यात मोठी चूक तुम्ही वाचवलीत ती त्या खुणांची. वर फोटोंच्या परवानगीला चौकोन होते आणि तिथे "आनक्रॉयत्सेन", म्हणजे जे हवं त्यावर फुली मारा. खाली "माझं मूल पोहू शकतं / शकत नाही" आणि बारीक अक्षरात "श्ट्राइखेन", म्हणजे जे लागू नाही ते खोडा. वरच्यासारखंच करायचं समजून मी "शकत नाही" वर फुली मारणार होते, म्हणजे तेच खोडलं गेलं असतं आणि शाळेने वाचलं असतं की हिला पोहता येतं. तिला तर पाण्यात तोंड घालायची पण भीती वाटते ताई. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

आणि तुम्ही हेही वेगळं करून सांगितलंत की पोहणं हा शाळेच्या तासाचाच भाग आहे, त्याला परवानगी मागितलेली नाही, फक्त माहिती विचारलीय, खरी परवानगी एकाच गोष्टीची, फोटो शाळेच्या वेबसाईटवर टाकायचे का, आणि तिथे नाही म्हटलं तरी चालतं. मी घाबरून सगळीकडे हो करणार होते. मग फोटोंना नाही केलं.

मंगळवारीच पट्टी दिली. आता ती कमरेएवढ्या पाण्यातल्या, पोहता न येणाऱ्या मुलांच्या ग्रुपमध्ये आहे, आणि काल घरी येऊन सांगत होती की पाण्यात बुडबुडे सोडले.

रविवारी जेवायला याच, पुरणपोळ्या करतेय.