चपलांच्या स्टँडवरचं 42 नंबरचं टोकन

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

तुम्ही चिठ्ठीचपाटीतले नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी तुमच्या मंगल कार्यालयातलं लग्न गाड्यांच्या कोंडीशिवाय पार पडलं म्हणून आभार मानायला आले, तर तुम्ही "चहा घेतलास का?" एवढंच विचारून गेटकडे वळलात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. माझ्यासारखे लग्नाची कामं घेणारे नवखे अजून बरेच आहेत, त्यांच्याही वाचनात येईल.

तुमच्याकडे येण्याआधी मी काय करून बसले होते, ते तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. ऐन लग्नसराईतली तिथी होती, कार्यालय दुसरं होतं. मी प्रत्येकाला विचारलं, "किती वाजता येणार?" प्रत्येकाने सांगितलं, "सकाळी लवकर." मी ते वहीत लिहून घेतलं आणि नियोजन झालं असं समजले. साडेआठला डेकोरेटरची आयशर बोळात शिरली, तिच्यामागे जनरेटर आणि त्याच्यामागे केटररची 407. तासाभरात आयशर रिकामी झाली, पण ती निघणार कुठून? जनरेटरवाला केबल टाकायला आत गेलेला, किल्ली त्याच्या खिशात. पाहुण्यांच्या गाड्यांची रांग मुख्य रस्त्यापर्यंत गेली. गुरुजी त्या रांगेत अडकले होते, अंतरपाट त्यांच्या पिशवीत. शेवटी मंडपवाल्याच्या पोऱ्याने त्यांना स्कूटरवर बसवून आणलं. मुहूर्त टळला नाही, पण मुलीच्या वडिलांचा चेहरा मला अजून दिसतो.

त्यामुळे तुमच्याकडचं काम मिळालं, तेव्हा मी आठ दिवस आधीच जागा बघायला आले. वेळांचा तक्ता छापून आणला होता. तुम्ही तो उलटा धरून पाहिलात (मुद्दामच, अशी मला शंका आहे) आणि विचारलंत, "गाडी येणार कधी ते लिहिलंयस. जाणार कधी?"

मग विटेचा तुकडा उचलून फरशीवर बोळ काढलात. मागच्या गेटपासून स्वयंपाकघराच्या ओट्यापर्यंत एकच गाडी मावेल एवढी रुंदी. आत एक सतरा फुटी आयशर उभी राहते, किंवा एकामागे एक दोन छोटे हत्ती. वळायला जागा नाही, म्हणून प्रत्येक गाडी उलटी आत घ्यायची आणि सरळ बाहेर काढायची. आणि हा बोळ ज्या रस्त्याला मिळतो, त्याच रस्त्यावर वीस पावलांवर पाहुण्यांचं गेट. "म्हणजे इथे एक गाडी जादा उभी राहिली, की तिचं शेपूट पाहुण्यांच्या तोंडाशी," असं म्हणालात. तेवढ्यात माझा तक्ता निकालात निघाला.

त्यानंतर तुम्ही मला फोन करायला लावलेत. प्रत्येकाला तीनच प्रश्न: गाडी कोणती, उतरवायला माणसं किती, आणि सामान कुठे जाणार. डेकोरेटर म्हणाला, आयशर, सहा माणसं, सामान स्टेजवर. तुम्ही मला ओट्यापासून स्टेजपर्यंत चालायला लावलंत. सत्तर पावलं भरली. लोखंडी ट्रस दोघांनी धरून एवढं चालायचं, परत यायचं, म्हणजे तासाचं काम दीड तासावर जातं. केटररची 407 मात्र स्वयंपाकघराच्या दाराशीच रिकामी होते, तिला पाऊण तास पुरे. सगळ्या गाड्यांना सारखा वेळ धरायचा नाही, हे मला त्या सत्तर पावलांनी शिकवलं.

मुहूर्त 12 वाजून 17 मिनिटांचा होता. तुम्ही तिथून मागे मोजायला लागलात. आपल्याकडे माणसं अक्षता टाकायला शेवटच्या पाऊण तासात येतात, वरपक्षाची बस त्याच्याही आधी. म्हणून पावणेअकराला बोळ बंद, तो थेट एकला उघडायचा. उरलेल्या वेळात दहा गाड्या. जड वाहनांना शहरात दिवसा ठराविक वेळांत बंदी असते, त्यामुळे आयशर रात्रीच यायची. आधीच्या समारंभाची आवराआवर बाराला संपणार होती. मी आयशर पहिली लिहिली. तुम्ही ती खोडलीत. पहिला जनरेटर, सव्वाबाराला. कारण तो येतो आणि जात नाही; जी गाडी दिवसभर हलणार नाही, तिने आधी येऊन पार आतला कोपरा धरायचा, तोंड बाहेर करून. मग साडेबाराला आयशर, दोनला सोफे आणि गालिच्यांची गाडी. पुढे पहाटेपर्यंत बोळ रिकामा. शेजारच्या सोसायटीतल्या लोकांनाही झोप असते, लोखंड आपटायचं काम रात्रभर चालवायचं नाही, हा तुमचा शिरस्ता.

साडेपाचला शेगड्या, भांडी, सिलेंडर. त्यानंतर भाजी-किराणा, दूध-दही. सातला साउंडवाले, कारण ट्रस उभा राहिल्याशिवाय त्यांना दिवे लटकवायला काही नसतं. आठला फुलं, साडेआठला पाण्याचे जार. सर्वात शेवटी, सव्वादहाला, बर्फ आणि आइस्क्रीम. साडेनऊ ते दहा तुम्ही कोरं ठेवलंत. मी तिथे रुखवताची गाडी घालायला गेले, तर पेन काढून घेतलंत. "ही वेळ कुणाचीच नाही. जो चुकेल, त्याची."

पण खरी गंमत टोकनाची. ड्रायव्हर तक्ता वाचत नाहीत, हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही रेल्वेत पॉइंट्समन होतात, एकेरी मार्गावरच्या छोट्या स्टेशनात. तिथे दोन स्टेशनांच्या मधल्या रुळावर एका वेळी एकच गाडी असावी, म्हणून ड्रायव्हरच्या हातात लोखंडी गोळा द्यायचे. एक गोळा यंत्राबाहेर असला, की दुसरा निघतच नाही. तुम्ही चपलांच्या स्टँडवरून 42 नंबरचं पत्र्याचं टोकन काढलंत आणि म्हणालात, "हा आपला गोळा." ज्याच्याकडे टोकन, तो बोळात. बाकी सगळे दहा मिनिटांवरच्या मोकळ्या मैदानात थांबायचे, गेटपाशी कुणी घुटमळायचं नाही. आतली गाडी बाहेर पडून टोकन हातात आलं, की मगच पुढच्याला फोन.

प्रत्यक्ष दिवशी काय झालं, हे तुम्हाला माहीतच आहे. तरी लिहिते, कारण नुसती योजना वाचून कुणाला काही कळत नाही.

सातला पाच कमी असताना दूधवाला रिकामा होऊन गेला, तो टोकन खिशात घालून. मैदानात साउंडवाला ताटकळत होता, फोनवर ओरडत होता. मी म्हटलं, दुसरं टोकन देऊ, स्टँडवर शंभर पडली आहेत. तुम्ही मान हलवलीत. आधी स्वतः बोळाच्या टोकापर्यंत चालत गेलात, ओट्याशी कुणी उभं नाही हे पाहिलंत, जनरेटरच्या मागे डोकावलात, आणि मग वहीचं पान फाडून लिहून दिलंत: "साउंड, एकच गाडी, 7.05." सही केलीत. रेल्वेतही टोकन हरवलं की तोंडी सांगत नाहीत, लेखी देतात, असं म्हणालात. मला तेव्हा हसू आलं होतं. पण दुसरं टोकन काढलं असतं आणि पहिलं घेऊन दूधवाला परत आला असता, तर दोघंही बोळात जायला मोकळे झाले असते. तो खरंच आला, वीस मिनिटांनी. टोकन परत द्यायला नव्हे, दह्याचा एक डबा द्यायचा राहिला होता म्हणून!

आठला दहा कमी असताना फुलवाल्याचा फोन: अजून मार्केट यार्डातच आहे. मागच्या वर्षीची मी असते, तर त्याची वाट पाहत बोळ अडवून ठेवला असता. तुम्ही पाण्याचे जार आठलाच बोलावून घेतलेत आणि फुलवाल्याला साडेनऊची कोरी वेळ दिलीत. पण अट घातलीत: त्याआधी आलास तरी मैदानात थांबायचं. तो सव्वानऊला आला, पंधरा मिनिटं थांबला, कुरकुरला. स्टेजवरचा हिरवा पाला डेकोरेटरच्या माणसांनी तोवर लावून घेतला होता. शेवटची झेंडूची माळ साडेअकराला चढली. खरं सांगायचं तर हे अगदी काठावरचं होतं. आणखी अर्धा तास उशीर झाला असता, तर कोऱ्या वेळेनेही वाचवलं नसतं.

आणि मग मामा. प्रत्येक लग्नात एक मामा असतो, जो कुणाला न सांगता काहीतरी मागवतो. या मामांनी पानाचा स्टॉल मागवला होता. अकरा चाळीसला छोटा हत्ती थेट पाहुण्यांच्या गेटात, आणि समोरून वरपक्षाची बत्तीस आसनी बस वळत होती. तुम्ही बंपरसमोर जाऊन उभे राहिलात. आवाज चढवला नाही. ड्रायव्हरला म्हणालात, "मामांचं पान आहे ना? मग चांगलं जेवण झाल्यावर लागेल. एकला ये, तुला ओट्यापर्यंत सोडतो." तो मागे गेला, बस आत आली. मामांना नंतर काय सांगितलंत, ते मला अजून कळलेलं नाही. पण ते तुमच्याशेजारी खुर्ची टाकून बसलेले मी पाहिले.

निघतानाचा घोळ मी धरलाच नव्हता. गाड्या येतात तेवढाच विचार मी केला होता. साडेतीनला सगळ्यांनाच घाई, त्यात संध्याकाळच्या रिसेप्शनच्या गाड्या मैदानात येऊन थांबलेल्या. तुम्ही त्यांनाही त्याच टोकनावर घेतलंत: एक बाहेर, एक आत. केटररची भांडी घासून व्हायची होती, म्हणून त्याला शेवटी ठेवलंत आणि साउंडवाल्याला आधी काढलंत. डेकोरेटरने आयशर साडेतीनलाच पाठवतो म्हटलं, तेव्हा त्याला ट्रस खाली उतरल्याशिवाय बोलवायचं नाही, असं मला बजावलंत. रिकामी गाडी वाट पाहत उभी राहिली, तरी ती जागा भरलेल्या गाडीएवढीच खाते.

एक गोष्ट मात्र तुमच्याही हाताबाहेरची होती, आणि ती तुम्ही आधीच सांगितली होती. रस्त्यावर पाहुण्यांनी स्वतःच्या गाड्या कशाही लावल्या, तर आतल्या टोकनाचा उपयोग नाही. त्यासाठी दोन पोरं वेगळी उभी करायला हवी होती. पुढच्या वेळी करीन.

आता कबुली. दूधवाल्याने दह्याचा डबा देताना टोकन माझ्या हातात दिलं, ते मी तुमच्याकडे परत दिलं, दिवसभर ते फिरलं. संध्याकाळी शेवटच्या ड्रायव्हरने पुन्हा माझ्याच हातात ठेवलं आणि मी ते पर्समध्ये टाकून घरी आले. 42 नंबरचा खण तेव्हापासून रिकामा असणार. तुळशीच्या लग्नानंतरची दुसरी तिथी तुमच्याकडेच धरली आहे, चौदा गाड्या आहेत. तेव्हा आणून देते. तोवर कुणाच्या चपला त्या खणात ठेवू नका.

आपली नम्र,
गेल्या मोसमातली पानाच्या मामांवाली