एकूण बेरीज जुळली म्हणून ट्रायल बॅलन्स जुळला असे होत नाही : तक्रार तिसऱ्यांदा बंद केल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापन व अंमलबजावणी प्रमुख

विषय : ओपनिंग बॅलन्स व ओपन आयटम चढवताना झालेली चूक आणि ती झाकण्यासाठी घातलेली जर्नल नोंद

आज सकाळी तुमच्या वरिष्ठ सल्लागारांशी चाळीस मिनिटे बोलून फोन ठेवला आणि लगेच हे पत्र लिहायला घेतले. आमची तक्रार तुमच्याकडे तीनदा नोंदली गेली आणि तीनही वेळा "ट्रायल बॅलन्स जुळला आहे" एवढा एकच शेरा मारून बंद करण्यात आली. प्रणाली तुमची आहे आणि शिल्लका चढवण्याची पद्धतही तुम्हीच आखून दिली होती, त्यामुळे प्राथमिक गोष्टी समजावण्यात वेळ न घालवता काय घडले ते आकड्यांसह मांडते.

कटओव्हरच्या दिवशी जुन्या प्रणालीत येणे खात्याची शिल्लक 84,60,000 नावे होती. त्यात 412 बिलांचे 91,35,000 येणे होते. त्यातून ग्राहकांनी भरलेल्या पण कोणत्याही बिलाला न लावलेल्या 23 रकमांचे 5,20,000 आणि 9 क्रेडिट नोटांचे 1,55,000 वजा होत होते. याचा अर्थ एकूण 444 ओपन आयटम होते आणि त्यांची निव्वळ बेरीज कंट्रोल खात्याशी शेवटच्या आकड्यापर्यंत जुळत होती. ही यादी आमच्या सहीनिशी, तारीख घालून तुमच्या हाती दिली होती आणि त्यानंतर जुन्या प्रणालीत नोंदी करणे बंद केले होते.

तुमची पद्धत कागदावर निर्दोष होती, हे मी आजही मान्य करते. ओपन आयटम एकेक करून पार्टीच्या खात्यात चढवायचे, त्यांची दुसरी बाजू मायग्रेशन क्लिअरिंग खात्यात टाकायची, नंतर उरलेला ट्रायल बॅलन्स चढवताना येणे खात्याची ओळ थेट त्या खात्यात न घालता त्याच क्लिअरिंग खात्याकडे वळवायची, म्हणजे शेवटी क्लिअरिंग खाते शून्य झाले पाहिजे. येणे खात्याची शिल्लक दोनदा चढू नये यासाठीच ही वळणाची वाट आहे, आणि तिचा दुसरा फायदा असा की काही राहून गेले तर नेमके तेवढेच क्लिअरिंग खात्यात उरते. तिथे रक्कम उरली की शोध सुरू करायचा, एवढाच तिचा अर्थ. तुमच्या माणसांनी शोध घेतला नाही आणि उरलेली रक्कमच पुसून टाकली.

झाले ते असे. तुमच्या बिलांच्या टेम्प्लेटमध्ये ऋण रक्कम चालत नाही. न लावलेल्या रकमा आणि क्रेडिट नोटा वेगळ्या दस्तऐवज प्रकाराने, वेगळ्या टेम्प्लेटमधून चढवाव्या लागतात. ते न करता सर्व 444 ओळी एकाच फाइलमध्ये घातल्या गेल्या. 412 बिले चढली आणि 32 ओळी एरर फाइलमध्ये पडल्या. ती फाइल माझ्यापुढे उघडी आहे आणि बत्तीसच्या बत्तीस ओळींपुढे एकच कारण लिहिलेले आहे : रक्कम शून्यापेक्षा जास्त हवी. येणे खाते 84,60,000 ऐवजी 91,35,000 झाले आणि क्लिअरिंग खात्यात 6,75,000 जमा उरले. पाच लाख वीस हजार अधिक एक लाख पंचावन्न हजार, म्हणजे न चढलेल्या 32 ओळींचीच बेरीज. एरर फाइल उघडून कोणीही दोन मिनिटांत हे ताडून पाहिले असते.

त्याऐवजी तुमच्या सल्लागारांनी रात्री एक जर्नल नोंद घातली : क्लिअरिंग खाते नावे 6,75,000, येणे कंट्रोल खाते जमा 6,75,000. तिच्यात पार्टी नाही, बिल क्रमांक नाही, तपशिलाच्या रकान्यात फक्त "फरक" हा शब्द आहे. कंट्रोल खात्यावर थेट नोंद करायला तुमच्याच प्रणालीत बंदी असते, कारण त्या खात्यात जे येईल ते पार्टीच्या खात्यातूनच यावे असा नियम आहे. बदलांच्या लॉगमध्ये स्पष्ट दिसते की ती बंदी आधी उठवली गेली, नोंद घातली गेली आणि काही मिनिटांत बंदी पुन्हा लावली गेली. याला चूक म्हणता येणार नाही, कारण काय करतो आहोत हे ठाऊक असल्याशिवाय कोणी अशी पावले टाकत नाही.

आता आजच्या संभाषणाविषयी. मी तुमच्या सल्लागारांना विचारले की पार्टीनिहाय येण्याची बेरीज 91,35,000 आहे आणि कंट्रोल खाते 84,60,000 आहे, तर यातले खरे कोणते मानायचे. ते म्हणाले, "मॅडम, नावे आणि जमा दोन्ही बाजू सारख्या आहेत, म्हणजे ट्रायल बॅलन्स जुळला." मी म्हटले की प्रत्येक नोंदीला दोन बाजू असल्यामुळे बेरजा सारख्या येणारच; पूर्ण रक्कम चुकीच्या खात्यात गेली तरी त्या सारख्याच येतात, तेव्हा त्याने काय सिद्ध झाले. त्यावर ते म्हणाले, "पण आम्ही खातेनिहायसुद्धा जुळवून दिला आहे, फरकाच्या रकान्यात सगळीकडे शून्य आहे." मी सांगितले की तो शून्य तुमच्या जर्नल नोंदीने आणलेला आहे, आणि तीच नोंद काढायची माझी मागणी आहे. थोडा वेळ शांतता होती. मग मला ऐकवण्यात आले, "मॅडम, तुम्ही अकाउंट्सच्या दृष्टीने बघताय, आम्ही सिस्टिमच्या दृष्टीने बघतो. सिस्टिममध्ये एरर नाही." मी पुन्हा विचारले की 6,75,000 कोणत्या ग्राहकांचे आहेत ते प्रणाली दाखवू शकते का. उत्तर आले, "तो तुमच्या डेटाचा प्रश्न आहे. हवे तर तुम्ही हाताने नोंदी घाला." माझ्या सहीची 444 ओळींची यादी त्यांच्याकडे होती, त्यांच्या एरर फाइलमध्ये 32 ओळी होत्या, आणि डेटा आमचा चुकला असे मला सांगण्यात आले. इतक्या वर्षांच्या लेखा विभागातील कामात असा अपमान माझ्या वाट्याला आला नव्हता.

या चुकीचा परिणाम केवळ आमच्या वह्यांपुरता राहिलेला नाही. महिनाअखेरीची खातेउतारे पत्रे नव्या प्रणालीतून गेली. एका जुन्या ग्राहकाची बिले 2,40,000 ची होती आणि त्याने 1,80,000 आधीच भरले होते, म्हणजे त्याच्याकडून येणे फक्त 60,000. त्याला 2,40,000 बाकीचा उतारा मिळाला. त्यांच्या लेखापालाने बँकेच्या पावतीची प्रत आणि आमच्याच जुन्या उताऱ्याची प्रत शेजारी शेजारी ठेवून पाठवली आणि विचारले की आमचे पैसे कुठे गेले. मला त्यांची लेखी माफी मागावी लागली. त्या 23 रकमांमागे असे आणखी ग्राहक आहेत आणि आम्ही त्यांना एकेक करून फोन करत आहोत.

याच फाइलमध्ये दुसरी चूक आहे आणि ट्रायल बॅलन्समध्ये ती कधीच दिसली नसती. देय तारखेचा रकाना रिकामा ठेवल्यामुळे प्रणालीने कटओव्हरच्या तारखेपासून नवी मुदत मोजली. जुन्या एजिंग अहवालात 90 दिवसांहून जास्त थकलेली बिले 14,30,000 ची होती. नव्या अहवालात त्या रकान्यात शून्य आहे आणि सर्व 412 बिले मुदतीत असल्याचे दाखवले जाते. ज्यांना खरोखर स्मरणपत्र जायला हवे होते त्यांना ते गेले नाही. नोंदीची तारीख कटओव्हरची असावी हे बरोबर आहे, परंतु बिलाची आणि देय तारीख मूळचीच राहिली पाहिजे. या तारखांनी एकाही रकमेत फरक पडत नाही, म्हणूनच केवळ बेरजा ताडणाऱ्याच्या हाती ही चूक लागत नाही.

दुरुस्तीच्या क्रमाबाबतही मला तुमच्यावर सोडून चालणार नाही असे दिसते. राहिलेल्या 32 ओळी आत्ता तशाच चढवल्या तर कंट्रोल खाते आणखी 6,75,000 ने उतरून 77,85,000 होईल आणि क्लिअरिंग खात्यात तेवढीच रक्कम नावे उभी राहील. म्हणून आधी "फरक" ही नोंद उलटवावी, क्लिअरिंग खात्यात 6,75,000 जमा पुन्हा दिसू द्यावेत, नंतर 32 ओळी योग्य टेम्प्लेटमधून, योग्य पार्टीवर, मूळ क्रमांक व तारखांसह चढवाव्यात. 412 बिलांच्या देय तारखा यादीप्रमाणे दुरुस्त कराव्यात. क्लिअरिंग खाते तेव्हा आपोआप शून्य होईल, आणि झाल्यावर त्यावर नोंद करणे कायमचे बंद करावे. गेल्या तीन आठवड्यांत आलेल्या रकमा आमच्या लोकांनी अपुऱ्या यादीवरून बिलांना लावल्या आहेत. त्या सोडवून पुन्हा लावण्याचे काम तुमच्या खर्चाने आणि आमच्या माणसांच्या देखरेखीखाली व्हावे.

त्यानंतर मला पुरावा हवा आहे, शेरा नको. जुन्या व नव्या खात्यांचा खातेनिहाय तक्ता हवा, ज्यात मायग्रेशनसाठी हाताने घातलेली प्रत्येक नोंद वेगळ्या रकान्यात दिसेल. पार्टीनिहाय बेरीज आणि कंट्रोल खाते यांची तुलना येणे आणि देणे दोन्हींसाठी हवी, कारण देण्याच्या बाजूलाही आगाऊ दिलेल्या रकमा आहेत आणि तिथेही हाच टेम्प्लेट वापरला गेला आहे. आणि 444 ओळींची ओळनिहाय ताडणी हवी : पार्टी, क्रमांक, उरलेली रक्कम, देय तारीख.

नियुक्तीपूर्वी तुमच्या संचालकांनी आम्हाला सांगितले होते की शिल्लका जुळवून दिल्याशिवाय तुमची माणसे जागा सोडत नाहीत. त्या शब्दावर आम्ही तुमची निवड केली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हे सर्व हाती येईपर्यंत काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर मी सही करणार नाही आणि शेवटचा हप्ता देऊ नये असे मी आमच्या संचालकांना लेखी कळवले आहे. कंट्रोल खात्यावरील बंदी उठवल्याचा लॉग आणि ती जर्नल नोंद आमच्या ऑडिटरकडे दिली आहे. सात दिवसांत नोंद उलटवली गेली नाही तर ट्रायल बॅलन्स जुळल्याचे तुमचे लेखी प्रमाणपत्र आम्ही करारभंगाचा पुरावा म्हणून आमच्या वकिलांकडे देऊ. तोपर्यंत जुनी प्रणाली चालू ठेवली आहे, आणि आता ग्राहकांना उतारे पुन्हा तिच्यातूनच जात आहेत.

लेखा विभाग प्रमुख

सोबत : सही केलेली 444 ओळींची यादी, 32 ओळींची एरर फाइल, जर्नल नोंदीची प्रत, बदलांचा लॉग