शेकडा अडीच म्हणजे वर्षाला किती? अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. अर्थमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

लहान उद्योगांना पैसा कोणत्या अटींवर मिळावा, याचे नियम आपल्या हाती आहेत म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे. विषय फॅक्टरिंगचा आहे. माल पोचला, बिल गेले, ग्राहक दोन-तीन महिन्यांनी पैसे देणार. पगार आणि कच्चा माल मात्र तोवर थांबत नाही. मग ते थकलेले येणे फॅक्टरला, म्हणजे अशी बिले घेणाऱ्या वित्तसंस्थेला विकायचे आणि बहुतेक रक्कम एक-दोन दिवसांत हातात घ्यायची.

हा व्यवहार बंद करा असे मी म्हणत नाही. तारण नाही म्हणून ज्याला बँक कर्ज देत नाही, पण ज्याचे ग्राहक भक्कम आहेत, त्याला याचा खरा उपयोग होतो. फॅक्टर मुख्यतः पैसे देणाऱ्या ग्राहकाची पत पाहतो, विकणाऱ्याची नंतर. माझी तक्रार त्याची किंमत ज्या पद्धतीने सांगितली जाते, तिच्याबद्दल आहे.

लहान पुरवठादारांचे हिशेब लिहिताना जे करार समोर येतात, त्यांच्या धर्तीवर एक उदाहरण मांडते. आकडे सोपे धरले आहेत. बिल १० लाखांचे. फॅक्टर ८० टक्के, म्हणजे ८ लाख लगेच देतो आणि २ लाख राखीव ठेवतो. ग्राहकाने पैसे भरले की त्यातून आपले शुल्क कापून बाकी परत करतो. शुल्क पहिल्या ३० दिवसांना अडीच टक्के, पुढे दर १० दिवसांना किंवा त्यातल्या काही दिवसांनाही अर्धा टक्का. शिवाय कागदपत्रांच्या तपासणीचे ३,००० वेगळे. पुरवठादाराच्या डोक्यात बसतो तो ‘अडीच टक्के’ हा आकडा, कारण तोच ठळक छापलेला असतो.

आता ग्राहकाने ५९व्या दिवशी पैसे भरले असे समजा. करारात, बहुधा शेवटच्या पानावर, पैसे जमा झाल्यावर आणखी २ दिवस वटणावळीचे धरले जातील असे एक कलम असते. म्हणजे हिशेब ६१ दिवसांचा झाला. साठाव्या दिवशी शुल्क ४ टक्क्यांवर होते. एक दिवस ओलांडताच पुढचा टप्पा पूर्ण लागू होऊन ते साडेचार टक्के, म्हणजे ४५,००० झाले. तपासणीचे धरून ४८,०००. राखीव रकमेतून परत आले १ लाख ५२ हजार.

इथेच खरी मेख आहे. शुल्क आकारले जाते ते १० लाखांवर, पण पुरवठादाराला वापरायला मिळाले ८ लाखच. ८ लाखांवर ६१ दिवसांसाठी ४८,००० म्हणजे ६ टक्के, आणि वर्षाच्या हिशेबाने जवळपास ३६ टक्के. याच व्यवहाराची सुरुवात ‘अडीच टक्के’ म्हणून झाली होती. या बिलावर पुरवठादाराचा नफा ८ टक्के, म्हणजे ८०,००० असेल, तर त्यातला निम्म्याहून जास्त भाग दोन महिन्यांचा वेळ विकत घेण्यात गेला. ज्याचा नफा ४ टक्के आहे त्याने हे बिल तोट्यात विकले. वर्षअखेरीला ताळेबंद येईपर्यंत त्याला ते कळतही नाही, कारण हे शुल्क वहीत ‘बँक खर्च’ म्हणून कुठेतरी मिसळलेले असते.

ग्राहकाने लवकर पैसे दिले तर बरे, असे वाटेल. दहाव्या दिवशी दिले, वटणावळीसह १२ दिवस झाले, तरी पहिल्या ३० दिवसांचे शुल्क पूर्णच. २८,००० कापले जातात. रक्कम कमी झाली हे खरे, पण वार्षिक दर शंभर टक्क्यांच्या वर गेला. चोख ग्राहक असल्याचा फायदा विकणाऱ्याला फारच थोडा मिळतो.

फॅक्टरची बाजूही सांगायला हवी. त्यांचे म्हणणे असे, की ही खरेदी आहे, कर्ज नव्हे; आम्ही वसुली करतो, ग्राहकाची पत तपासतो, बुडीताची जोखीम घेतो, मग याला व्याजाचा दर कसा लावता? पहिल्या दोन सेवांची किंमत जरूर असावी. जोखमीचे मात्र तपासून पाहावे लागते. करार ‘रिकोर्स’चा असेल, तर ठरलेल्या मुदतीत, समजा ९० दिवसांत, ग्राहकाने पैसे दिले नाहीत की बिल पुरवठादारानेच परत घ्यायचे. आपल्या उदाहरणात ८ लाख परत द्यायचे आणि ५५,००० शुल्क, वर तपासणीचे ३,०००. हे पैसे कोणी मागायलाही येत नाही. पुढच्या बिलावर मिळायच्या उचलीतून आणि इतर बिलांच्या राखीव रकमेतून ते वळते होतात. पुरवठादाराला कळते ते पगाराच्या आदल्या दिवशी, खात्यात पैसे न आल्यावर. अशा व्यवहारात जोखीम विकली गेलीच नाही. ‘विनारिकोर्स’ करार महाग असतो, पण त्यातही संरक्षण बहुधा ग्राहक दिवाळखोरीत गेला तरच. माल खराब निघाला, वजन कमी भरले, असा वाद ग्राहकाने काढला की बोजा पुन्हा विकणाऱ्यावर.

खरेदी की कर्ज, या वादात न शिरताही किंमत उघड करता येते. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये तसा कायदा केला आणि डिसेंबर २०२२ पासून त्याचे नियम लागू झाले. ५ लाख डॉलरपर्यंतच्या प्रस्तावांत एकूण खर्च आणि त्याचा वार्षिक दर आधी दाखवावा लागतो, आणि फॅक्टरिंग त्यातून सुटलेले नाही.

आणखी एक अडथळा ग्राहकांच्या बाजूचा. मोठ्या खरेदीदारांच्या करारात ‘हे येणे दुसऱ्याला हस्तांतरित करता येणार नाही’ अशी ओळ असते. मग बरेच फॅक्टर अशा बिलाला हात लावत नाहीत, आणि जे लावतात ते जास्त दर मागतात. आंतरराष्ट्रीय फॅक्टरिंगसाठी १९८८ च्या ओटावा कराराने अशी बंदी असूनही हस्तांतर ग्राह्य धरले आहे. त्यातून बाहेर राहण्याची मुभा मात्र सदस्य देशांना ठेवली आहे. देशांतर्गत बिलांनाही हे तत्त्व लावावे, निदान लहान पुरवठादारांच्या बाबतीत.

माझी मुख्य मागणी एका पानाची आहे. सही करण्यापूर्वी फॅक्टरने पुरवठादाराला एक तक्ता द्यावा. ग्राहकाने ३०व्या, ६०व्या आणि ९०व्या दिवशी पैसे भरले तर एकूण किती रक्कम कापली जाईल, आणि हातात आलेल्या पैशांवर तिचा वार्षिक दर किती, हे त्यात असावे. वटणावळीचे दिवस आणि किरकोळ आकार त्याच बेरजेत धरावेत. रिकोर्स कोणत्या दिवशी लागू होतो आणि परतफेड कोणत्या पैशांतून वळती होईल, हे त्याच पानावर लिहावे. टप्प्यांचे शुल्क काढून दिवसागणिक आकारणीची सक्ती झाली तर उत्तमच, पण ती लगेच होईल असे मला वाटत नाही. तक्त्याला मात्र नवा विभाग लागत नाही की निधी; हे सगळे आकडे फॅक्टरकडे करार करतानाच तयार असतात.

आपली विश्वासू,
लहान पुरवठादारांचे हिशेब लिहिणारी एक लेखापाल