रात्रीच्या पाळ्या आखून देणाऱ्या सिस्टरांस

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

प्रसूतीनंतरच्या तपासणीत बाळाचे वजन करून झाल्यावर तुम्ही मला विचारलेत, "बाळ झोपल्यावर तुम्हाला झोप लागते का?" त्या प्रश्नाबद्दल, आणि मग आम्हा दोघांना समोर बसवून आखून दिलेल्या रात्रीच्या पाळ्यांबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे.

नवजात बाळ 24 तासांत 8 ते 12 वेळा दूध पिते. प्रत्येक वेळी दोघेही उठले तर दोघांचीही झोप तुकड्यातुकड्यांची होते आणि त्या तुकड्यांची बेरीज 7 तास भरली तरी थकवा उतरत नाही, हे तुम्ही शांतपणे समजावून सांगितलेत. म्हणून प्रत्येकाला निदान 4 तास सलग झोप मिळालीच पाहिजे, असा तुमचा आग्रह होता. स्तनपान नीट जमेपर्यंत रात्रीचे पाजणे चुकवायचे नव्हते, कारण त्याने दूध कमी होऊ शकते. त्यामुळे सुरुवातीला मला फक्त पाजण्यापुरते उठवायचे, आणि लंगोट बदलणे, ढेकर काढणे, थोपटून निजवणे हे सारे माझ्या पतींनी करायचे, असे ठरले. महिन्याभराने दूध चांगले येऊ लागल्यावर रात्री 9 वाजता पाजून मी दुसऱ्या खोलीत झोपू लागले. मधल्या वेळचे, आधी काढून फ्रिजमध्ये ठेवलेले दूध ते पाजत. 2 वाजता पाळी बदले आणि सकाळी 7 पर्यंत ते निवांत झोपत. छाती दाटून आली तर मात्र वेळेची वाट न पाहता दूध काढायचे, हेही तुम्ही बजावले होतेत. बाळाला घेऊन बसलेल्याच्या पापण्या जड झाल्या की सोफ्यावर तसेच बसून न राहता बाळाला त्याच्या बिछान्यात उताणे ठेवायचे आणि दुसऱ्याला हाक मारायची, हा नियम तर आम्ही एकदाही मोडला नाही.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर मात्र "नाही" असे होते. दार बंद, खोलीत अंधार, बाळ दुसऱ्या खोलीत गाढ झोपलेले, तरी माझी छाती धडधडायची आणि कान रडण्याच्या चाहुलीकडे लागलेले असायचे. नुसता थकलेला माणूस संधी मिळताच झोपतो. संधी असूनही झोप येत नसेल, किंवा उदासी 2 आठवड्यांनंतरही ओसरत नसेल, तर पाळ्यांनी भागत नाही, डॉक्टरांना दाखवावे लागते, असे सांगून तुम्ही त्याच दिवशी चिठ्ठी लिहून दिलीत. माझे प्रसूतीनंतरचे नैराश्य वेळेवर ओळखले गेले आणि उपचार सुरू झाले, ते त्या चिठ्ठीमुळे.

हाच त्रास वडिलांनाही होऊ शकतो, असे म्हणून तुम्ही तोच प्रश्न माझ्या पतींनाही विचारलात. तोवर त्यांना तसे कोणीच विचारले नव्हते, याबद्दल त्यांच्याही वतीने आभार.

आपली कृतज्ञ,
एका बाळाची आई