एक लिटरची बाटली आणि साडेसहाशे मिली पाणी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, आणि त्याआधीचे पंधरा दिवस नागपुरात बर्डीपासून इतवारीपर्यंत थंड-गरम स्टीलच्या बाटल्या आणि डब्यांची खरेदी चालू असते. आता त्यातली बरीचशी फोटो पाहूनच होते. दुकानदार व्हॉट्सॲपवर फोटो टाकतो, गिऱ्हाईक रंग निवडतं, पैसे जातात, माल घरी येतो. इतवारीत भांड्यांच्या दुकानात माझी तेवीस वर्षं गेली. त्या अनुभवावरून फोटोत काय पाहावं हे सांगावंसं वाटलं, कारण यंदा आमच्याच महाल भागातल्या गल्लीत ३० बाटल्या चुकीच्या आल्या.

आमच्या शेजारच्या वहिनी बचत गट चालवतात. गटातल्या मुलांसाठी एक लिटरच्या ३० बाटल्या घ्यायचं ठरलं. पैसे भरून झाल्यावर त्या मोबाईल घेऊन माझ्याकडे आल्या. "काका, पहा बरं, बरोबर आहे ना?" जाहिरातीत चार फोटो होते : उभी बाटली, हातात धरलेली बाटली, बुडाचा जवळून घेतलेला फोटो आणि बंद झाकण. मापाचा आकडा एकच दिला होता, उंची साडेसव्वीस सेंटीमीटर. एवढ्यावरून बरंच कळतं.

मी मोबाईलच्या पडद्यावर पट्टी ठेवली. फोटोतली बाटली ११.४ सेंटीमीटर उंच आणि ३ सेंटीमीटर रुंद भरली. म्हणजे उंची रुंदीच्या ३.८ पट. खरी उंची २६.५, तर खरी रुंदी सुमारे ७ सेंटीमीटर. आता शाळेतलं साधं गणित करा. त्रिज्या साडेतीन, तिचा वर्ग १२.२५, त्याला ३.१४ ने आणि मग उंचीने गुणलं की उत्तर येतं सुमारे १०२० घन सेंटीमीटर, म्हणजे १०२० मिली. हे झालं बाहेरून मोजलेलं पूर्ण आकारमान. त्यात झाकणही आलं, दोन्ही भिंती आल्या आणि भिंतींमधली पोकळीही आली. मग आत एक लिटर पाणी मावणार कसं?

आतलंही मोजता येतं. अशा बाटलीत दोन भिंती आणि मधली निर्वात जागा मिळून प्रत्येक बाजूला साधारण ३ मिलिमीटर जातात, म्हणजे आतला व्यास ६.४ राहिला. फोटोत झाकण साडेचार सेंटीमीटरचं दिसत होतं, बुडाशी सेंटीमीटरभर जातो, म्हणून आतली उंची २१. हिशेब पावणेसातशे मिलीपर्यंत येतो, आणि मानेकडे बाटली निमुळती होते म्हणून त्यातूनही थोडं वजा होतं. फोटो तिरका असला की रुंदी तीनेक मिलिमीटर इकडे-तिकडे होते, हे खरं. पण रुंदी ७.३ धरली तरी आत साडेसातशेच्या आसपासच येतं. तेवढ्याच उंचीत खरोखर लिटरभर मावायचं असेल तर बाटली साडेआठ सेंटीमीटरच्या घरात रुंद हवी, आणि तेवढी रुंदी हातात धरल्याबरोबर जाणवते.

माल आला तेव्हा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून पाहिलं. झाकणाशिवाय रिकामी बाटली २३८ ग्रॅम. काठोकाठ भरली तेव्हा ९०४ ग्रॅम. म्हणजे पाणी ६६६ ग्रॅम, आणि पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिलीच. झाकण फिरवलं तेव्हा त्याच्या आतल्या बुचाने आणखी थोडं पाणी बाहेर ढकललं. पुसून पुन्हा तोललं तर आत ६४८ उरलं होतं. मूल शाळेत तेवढंच पाणी नेणार. मे-जूनच्या उन्हात नागपुरातल्या मुलाला हा साडेतीनशे मिलीचा फरक छोटा नाही. काठोकाठचं माप आणि झाकण लावल्यावरचं माप वेगळं असतं, हे दुकानदारांना ठाऊक असतं, आणि विचारलं तर ते सांगतातही. म्हणून विचारावं. खोक्यावर 'निव्वळ प्रमाण १ नग' असं छापलेलं असतं, त्याने फसू नये. ते नगांचं मोजमाप आहे, किती पाणी मावतं याचं नाही. क्षमता वेगळी लिहिलेली हवी.

आता बुडाच्या फोटोकडे येऊ. त्यावर ठळक '३०४' दिसत होतं आणि वहिनींना त्याचाच जास्त विश्वास वाटला होता. ३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेलं स्टील, बाजारात ज्याला १८/८ म्हणतात. २०० मालिकेतल्या स्वस्त स्टीलमध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. ताक, लिंबू-मीठ, पन्हं अशा आंबट-खारट गोष्टी त्यात वरचेवर राहिल्या की जोडाच्या आणि मानेच्या जागी तांबूस ठिपके लवकर दिसू लागतात. आमच्या दुकानात अशा बाटल्या परत यायच्या, आणि डाग बहुतेक आतल्या बाजूलाच असायचे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. दुहेरी भिंतीच्या बाटलीत बुडाची बाहेरची चकती वेगळी असते आणि पाण्याला लागणारी आतली भिंत वेगळी. बाहेरच्या बुडावर ३०४ खरं असलं तरी ते आतल्या भिंतीबद्दल काहीच सिद्ध करत नाही. बाहेरचं स्टील एका दर्जाचं आणि आतलं दुसऱ्या, असा माल सर्रास असतो, आणि चांगल्या खोक्यावर 'आतून ३०४, बाहेरून २०१' असं प्रामाणिकपणे लिहिलेलंही असतं. म्हणून फोटो मागायचा तो बाटली उघडून, टॉर्च मारून आतल्या तळाचा. बऱ्याच बाटल्यांच्या आतल्या तळावरही शिक्का असतो. तो असला की दर्जा सिद्ध झाला असं नाही, शिक्का कोणीही मारू शकतो. पण कंपनीने आतल्या स्टीलबद्दल लेखी शब्द दिला एवढं तरी हाती येतं. लोक चुंबक लावून पाहतात, त्याने हा फरक कळत नाही. ३०४ असो की २०२, दोन्हींना चुंबक जवळपास चिकटत नाही, आणि अस्सल ३०४ सुद्धा जिथे दाबून वाकवलंय तिथे थोडं ओढलं जातं.

शिक्का फोटोत मागाहून चढवलेला आहे का, हेही ओळखता येतं. बुडावर पॉलिशच्या बारीक गोल रेघा असतात. ठोकलेल्या अक्षराच्या कडेशी त्या रेघा तुटतात, अक्षराच्या एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला सावली पडते. लेझरचं अक्षर सपाट आणि करडं असतं, पण बूड फोटोत तिरकं असेल तर अक्षरंही त्याच्याबरोबर तिरकी होतात. वहिनींच्या फोटोत बूड लंबगोल दिसत होतं आणि '३०४' मात्र वर्तमानपत्राच्या मथळ्यासारखं सरळ बसलेलं होतं. पॉलिशच्या रेघा अंकांच्या खालून सलग जात होत्या. मी तेव्हाच म्हटलं, हा आकडा बाटलीवर नाही, फोटोवर आहे.

शेजारीच आयएसआयचं चिन्हही होतं, पण धूसर. या चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, निर्वात स्टीलच्या बाटलीसाठी आयएस १७५२६, आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. हा खालचा क्रमांकच कामाचा. भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकला की परवाना कोणाचा, कोणत्या वस्तूचा आणि चालू आहे की नाही ते दिसतं. वहिनींनी क्रमांकाचा स्पष्ट फोटो मागितला. तीन वेळा मागितला. उत्तरात दर वेळी रंगांची यादी आली. बाटल्या आल्या तेव्हा बुडावर कसलंच चिन्ह नव्हतं.

झाकणाचा फोटो बंद झाकणाचा, म्हणजे त्यातून काहीच कळत नाही. झाकण उलटं करून, आतली रिंग दिसेल असा फोटो हवा. सिलिकॉनची रिंग खाचेत सगळीकडे एकसारखी बसलेली असावी. एका जागी ती वर आली असेल किंवा पीळ पडलेला असेल तर गळती तिथूनच होणार. रिंगच्या कडेला साच्याची पातळ झालर राहिलेली असेल तर तीही नीट दाबली जात नाही. आमच्या ३० पैकी ४ झाकणांत रिंगच नव्हती, आणि बाहेरून झाकण अगदी टकाटक दिसत होतं. रिंग बोटाने निघते का आणि सुटी मिळते का, हेही विचारावं. न निघणाऱ्या रिंगखाली दूध-ताक साचतं आणि काळे ठिपके धरतात. ते धुऊन जात नाहीत.

डब्याच्या बाबतीत तर रिंग म्हणजेच डबा. पाटोडीचा रस्सा दप्तरात सांडला की वह्यांवरचा तेल-हळदीचा डाग जात नाही. चार बाजूंच्या कड्यांच्या डब्यात कोपऱ्यांवर रिंग सरळ वळलेली आहे का, तेवढं पाहावं. आणि बाहेरून प्लास्टिक, आत स्टील असलेले बहुतेक डबे निर्वात नसतात, मध्ये नुसती हवा किंवा फोम असतो. बाटलीइतका वेळ ते गरम ठेवत नाहीत.

एक गोष्ट कुठल्याच फोटोत दिसत नाही, ती म्हणजे भिंतींमधली निर्वात जागा शाबूत आहे का. त्यासाठी माल आल्या दिवशी उकळतं पाणी भरून झाकण लावावं आणि पाच-दहा मिनिटांनी बाहेरून हात लावावा. मानेजवळ कोमट लागणं ठीक, तिथे दोन्ही भिंती जोडलेल्या असतात. पण पोटाशी किंवा बुडाशी गरम लागलं तर निर्वात गेलं. बर्फाचं पाणी भरून बाहेर घाम येतो का ते पाहायची पद्धत आपल्याकडे मे महिन्यात चालत नाही. हवा इतकी कोरडी असते की बिघडलेल्या बाटलीलाही घाम येईलच असं नाही. तीच बाटली जुलैत दप्तर ओलं करते.

वहिनींनी माझं गणित, काट्यावरचे फोटो आणि रिंग नसलेली चार झाकणं एकत्र करून विक्रेत्याला पाठवली. त्याने आधी टाळाटाळ केली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवल्याचा संदेश दाखवला, तेव्हा सगळ्या बाटल्या परत घेतल्या. पैसे आठवड्याने आले.

नागपुरातले जे दुकानदार आता फोटोवर विकतात त्यांना माझी मनापासून विनंती आहे. बाटली पट्टीशेजारी उभी करून एक फोटो, उघड्या तोंडातून आतल्या तळाचा एक, उलट्या झाकणाचा एक आणि परवाना क्रमांक वाचता येईल असा एक, एवढे चार फोटो टाका. काउंटरवर गिऱ्हाईक बाटली हातात घेऊन हेच पाहायचं, आणि आम्ही ती उघडून दाखवायचो.

आपला वाचक,
महाल, नागपूर